ऑप्शनसाठी शेअर गाळणारा स्क्रीनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएसईच्या एफ अँड ओ यादीतले दोनशेच्या आसपास शेअर रोज संध्याकाळी तीन चाळण्यांतून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघण्याजोगे पाच-सात हातात ठेवायचे, एवढंच या स्क्रीनरचं काम. तिन्ही चाळण्या सोप्या वाटतात: व्होलॅटिलिटी महाग की स्वस्त, ऑप्शनमध्ये खरी उलाढाल आहे की नाही, आणि पुढे काही घटना ठरलेली आहे का. एकेक चाळणी वेगळी बघितली तर सोपी आहेच. गोंधळ होतो तो त्या एकमेकींत गुंतल्यावर, आणि विचारणारे प्रश्नही बहुतेक त्या गुंत्यातलेच असतात. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकच उत्तर दोनदा लिहायला नको. उदाहरणासाठी १,००० रुपयांचा आणि ५०० च्या लॉटचा एक काल्पनिक शेअर घेतला आहे. तो शेवटपर्यंत सोबत राहील.

१. आयव्ही रँक म्हणजे काय? नुसती आयव्ही बघून चालणार नाही का?

आयव्ही, म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, ऑप्शनच्या भावातून उलट काढलेली असते. शेअर किती हलेल असं बाजार धरून चालला आहे, ते ती सांगते. पण ३० टक्के आयव्ही हा आकडा एकटा मुका असतो. एखाद्या मोठ्या खासगी बँकेसाठी ३० म्हणजे ताप आलेला, आणि एखाद्या धातू कंपनीसाठी तेच ३० म्हणजे अगदी निवांत. म्हणून प्रत्येक शेअरची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करायची. वर्षभरातला आयव्हीचा तळ २० आणि कळस ४४ असेल आणि आज ३८ असेल, तर तळापासून १८ वर आणि एकूण पल्ला २४, म्हणजे रँक ७५.

२. मग आयव्ही पर्सेंटाइल वेगळं कशासाठी?

रँक फक्त दोन दिवस बघतो, सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा. मधल्या अडीचशे दिवसांचं त्याला काहीच घेणंदेणं नसतं. पर्सेंटाइल दिवस मोजतं: वर्षातल्या किती टक्के दिवशी आयव्ही आजच्यापेक्षा कमी होती? वर्षात एकच वेडा दिवस आला असेल, तर रँक पुढे वर्षभर खाली दबलेला राहतो, पर्सेंटाइल मात्र जवळपास हलत नाही. दोन्ही काढणं दोन-तीन ओळींचं काम आहे, त्यामुळे दोन्ही रकाने शेजारी ठेवा:

```python
iv = iv.dropna()
lo, hi = iv.rolling(252).min(), iv.rolling(252).max()
rank = 100 * (iv - lo) / (hi - lo)
pctl = iv.rolling(252).apply(
    lambda x: 100 * (x[:-1] < x[-1]).mean(), raw=True)
```

रँक ३० आणि पर्सेंटाइल ८० असं दिसलं, तर कुठला तरी एकच दिवस रँक खाली ओढतो आहे असं समजा. त्याचं खरं उदाहरण प्रश्न ९ मध्ये आहे.

३. वर्षभराची आयव्ही आणायची कुठून? पैसे मोजावे लागतात का?

लागत नाहीत, पण मेहनत लागते. एनएसई रोज बाजार संपल्यावर एफ अँड ओची भावकॉपी, म्हणजे दिवसभराच्या भावांची फाइल, मोफत देते. जुलै २०२४ पासून तिची मांडणी बदलली आहे, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या फायलींसाठी वाचण्याचा कोड वेगळा लिहावा लागतो. नव्या फाइलमध्ये शेअरचे ऑप्शन `STO` आणि शेअरचे फ्युचर `STF` या खुणेने वेगळे होतात:

```python
df = pd.read_csv("BhavCopy_NSE_FO_0_0_0_20250603_F_0000.csv.zip")
opt = df[df["FinInstrmTp"] == "STO"]
fut = df[df["FinInstrmTp"] == "STF"]
```

यात आयव्ही तयार मिळत नाही, आपण काढायची. शेअरच्या रोखीच्या भावाऐवजी त्याच महिन्याच्या फ्युचरचा भाव घ्या, कारण व्याज आणि अपेक्षित लाभांश त्यात आधीच मुरलेला असतो. रोखीचा भाव घेतला की कॉलची आयव्ही एक आणि पुटची दुसरी येते, आणि मग लोक आपला सॉल्व्हर चुकला म्हणून रात्रभर कोड तपासत बसतात.

ज्यांना सॉल्व्हर लिहायचाच नाही त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. फ्युचरच्या सर्वांत जवळच्या स्ट्राइकचा कॉल आणि पुट यांची बेरीज घ्या आणि तिला फ्युचरचा भाव × ०.८ × वर्षात मोजलेल्या उरलेल्या काळाचं वर्गमूळ, या गुणाकाराने भागा. आपल्या शेअरचा फ्युचर १,००० ला आहे, एक्स्पायरीला १५ कामकाजाचे दिवस आहेत आणि कॉल-पुटची ती बेरीज, म्हणजे स्ट्रॅडल, ७४ रुपयांना आहे असं धरू. १५ ला २५२ ने भागून वर्गमूळ काढलं की ०.२४४ येतं. भाजक साधारण १९५, म्हणून आयव्ही ३८ टक्के. रँकसाठी एवढी अचूकता पुरते. एक्सेलमध्येही हे सहज बसतं.

एक खबरदारी घ्या. भावकॉपीतला ऑप्शनचा शेवटचा सौदा दुपारी दोनचा असू शकतो, फ्युचरचा मात्र साडेतीनचा. मधल्या दीड तासात शेअर दोन टक्के हलला असेल तर निघालेली आयव्ही निव्वळ कचरा असते. अशी एक चुकीची नोंद वर्षाचा कळस होऊन बसते आणि पुढचे २५२ दिवस रँक बिघडवते. म्हणून ज्या स्ट्राइकवर त्या दिवशी मोजकेच सौदे झाले तो दिवस रिकामा सोडा. कॉलची आणि पुटची आयव्ही एकमेकींपासून तीन-चार टक्क्यांहून जास्त फटकून असेल तर तो दिवसही सोडा. चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामी जागा परवडते.

४. एका शेअरचे इतके स्ट्राइक आणि तीन महिने असतात. रोजची एकच आयव्ही कशी ठरवायची?

एक्स्पायरीपर्यंतचा काळ रोज सारखा ठेवायचा, साधारण ३० दिवसांचा. जवळचा महिना आणि पुढचा महिना यांच्या आयव्हीमधून ३० दिवसांची आयव्ही काढतात, पण सरासरी आयव्हीची नाही, तिच्या वर्गाला उरलेल्या काळाने गुणून येणाऱ्या एकूण व्हेरियन्सची घ्यायची.

पुस्तकात हे इतकंच असतं. आपल्याकडे अडचण अशी की शेअरवर साप्ताहिक ऑप्शन नाहीत, आणि पुढच्या महिन्याच्या ऑप्शनमध्ये महिन्याचे पहिले दोन-तीन आठवडे शुकशुकाट असतो. ज्या भावाने कुणी सौदाच करत नाही, त्यातून आलेली आयव्ही सरासरीत मिसळून हाती काय लागणार? म्हणून आम्ही तडजोड केली. पुढच्या महिन्याचे जवळचे स्ट्राइक खरोखर विकले-घेतले जात असतील तरच दोन महिने मिसळतो. नसतील तर एकट्या चालू महिन्याची आयव्ही घेतो, आणि एक्स्पायरीला सात दिवस उरले की त्या आयव्हीचा भरवसा राहत नाही, म्हणून सरळ पुढच्या महिन्यावर उडी मारतो. उडीच्या दिवशी आयव्हीत छोटी पायरी दिसते. ती दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, फक्त त्या दिवशीच्या बदलावरून निष्कर्ष काढू नका.

एक्स्पायरीचा वार कोडमध्ये कोरून ठेवू नका. ऑगस्ट २०२५ पर्यंत महिन्याचा शेवटचा गुरुवार होता, सप्टेंबर २०२५ पासून एनएसईवर शेवटचा मंगळवार आहे, आणि सुट्टी आली की तो आधी सरकतो. तारीख फाइलमधल्या `XpryDt` रकान्यातूनच घ्या.

५. आधी कुठली चाळणी लावायची? क्रमाने काही फरक पडतो का?

अंतिम यादीला फरक पडत नाही, तुमच्या डोळ्यांना पडतो. रँकवर उतरत्या क्रमाने यादी लावून वरून बघायला सुरुवात केलीत, तर पहिल्या वीसमध्ये दोनच जातीचे शेअर भेटतील. एक, ज्यांचे ऑप्शन कुणी घेत नाही, म्हणून आयव्ही वेडीवाकडी आली आहे. दुसरे, ज्यांचे रिझल्ट आठवड्यावर आले आहेत. रँक ही चाळणी नाहीच, ती रांग लावण्याची पट्टी आहे. म्हणून आधी उलाढाल, मग घटना, आणि उरलेल्यांना रँकने रांग. या क्रमाने गेलात तर दोनशेतले साधारण किती उरतात तेही रोज लिहून ठेवा. रोज चाळीस उरणारी यादी एखाद्या दिवशी चारवर आली, तर बाजार बदललेला नसतो, फाइल अर्धवट उतरलेली असते.

६. उलाढाल पुरेशी आहे हे कशावरून ठरवायचं?

बिड आणि आस्क यांच्यातल्या फरकावरून. बाकी सगळे आकडे त्या एका आकड्याची सावली आहेत. समजा, आपल्या शेअरचा एक कॉल १२.४० बिड आणि १३.१० आस्क असा दिसतो. मधला भाव १२.७५, फरक ०.७०, म्हणजे साडेपाच टक्के. बघायला किरकोळ वाटतो. आता चार लेगचा आयर्न काँडॉर घ्या. प्रत्येक लेगवर घुसताना अर्धा फरक जातो, म्हणजे ०.३५, चार लेगचे १.४०. बाहेर पडताना पुन्हा तेवढेच. एकूण २.८०, आणि ५०० च्या लॉटवर १,४०० रुपये. काँडॉरमधून १८ रुपये, म्हणजे ९,००० मिळणार असतील, तर त्यातला सहावा-सातवा हिस्सा नुसत्या ये-जा करण्यात गेला. ब्रोकरेज आणि कर अजून मोजलेच नाहीत.

आमची मर्यादा अशी आहे: फ्युचरच्या जवळच्या स्ट्राइकवर फरक प्रीमियमच्या २ टक्क्यांच्या आत आणि दूरच्या स्ट्राइकवर ५ टक्क्यांच्या आत. वरच्या उदाहरणातला शेअर यात नापास होतो. तुम्ही दोन लेगचेच सौदे करत असाल तर मर्यादा थोडी सैल चालेल.

भावकॉपीत बिड-आस्क नसतात. ते ब्रोकरच्या एपीआयवरून घ्यावे लागतात, आणि दिवसातून एकदाच घेऊ नका. सकाळी सव्वानऊला सगळेच फरक रुंद असतात. अकरा, एक आणि सव्वातीन अशा तीन वेळा नोंद घ्या आणि मधला आकडा धरा. दोनशे शेअरचे सगळे स्ट्राइक मागवायचीही गरज नाही. फ्युचरच्या वर-खाली मिळून सात-आठ स्ट्राइक पुरतात. नाहीतर एपीआयची मर्यादा ओलांडली जाते आणि अर्धी यादी रिकामी येते.

७. ओपन इंटरेस्ट भरपूर आहे, तरी ऑर्डर का भरत नाही?

कारण ओपन इंटरेस्ट म्हणजे कालपर्यंत साचलेले सौदे. आज कुणी दारात उभं आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. १,००० किंवा १,१०० अशा गोल स्ट्राइकवर महिन्याच्या सुरुवातीला लोकांनी कॉल विकून ठेवलेले असतात आणि ते एक्स्पायरीपर्यंत तसेच पडून राहतात. शेजारच्या १,०२० च्या स्ट्राइकवर मात्र दिवसभरात सात सौदे.

बिड-आस्क मिळत नसतील तर त्यातल्या त्यात भावकॉपीचा `TtlNbOfTxsExctd` हा रकाना बघा. तो सौद्यांची संख्या देतो. एका मोठ्या गिऱ्हाइकाने एकदाच पाचशे लॉट उचलले तर व्हॉल्यूम फुगतो, पण सौद्यांच्या संख्येत एकचीच भर पडते. फ्युचरच्या दोन्ही बाजूंना सलग तीन-तीन स्ट्राइकवर सौदे झाले आहेत का, एवढी एकच अट घातली तरी गोल स्ट्राइकचा फसवा थर बराचसा निघून जातो.

८. रिझल्टच्या तारखा कुठून घ्यायच्या? कंपनीने तारीख जाहीरच केली नसेल तर?

एनएसईच्या संकेतस्थळावर `Event Calendar` आणि बोर्ड मीटिंगच्या सूचना असतात. रोज तिथून घ्या. पण नियमाप्रमाणे कंपनीने रिझल्टच्या बैठकीची सूचना अगदी थोडे दिवस आधी दिली तरी चालते. तुम्ही तीन-चार आठवड्यांचा ऑप्शन विकत असाल, तर सौदा करायच्या दिवशी कॅलेंडर कोरं असण्याचीच शक्यता जास्त. आणि कोऱ्या कॅलेंडरचा अर्थ स्क्रीनर ‘घटना नाही’ असा लावतो! नव्या स्क्रीनरमधली सर्वांत महागडी चूक हीच.

उपाय सोपा आहे. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत द्यावेच लागतात. शिवाय बहुतेक कंपन्या दर वर्षी त्याच सुमाराला निकाल देतात. मागच्या दोन-तीन वर्षांतल्या त्याच तिमाहीच्या तारखा घ्या, त्यांच्या आधी-नंतर पाच-पाच दिवस सोडा आणि त्या पट्ट्याला ‘अंदाजे’ अशी खूण करा. जाहीर तारीख आली की पट्टा पुसून तारीख टाका.

तारीख मिळाल्यावर अजून एक काम उरतं. कागदावरचा दिवस आणि भाव हलण्याचा दिवस एकच नसतो. टीसीएस, इन्फोसिस यांचे निकाल बाजार बंद झाल्यावर येतात, म्हणजे धक्का दुसऱ्या दिवशी. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक यांनी अनेकदा शनिवारी निकाल दिले आहेत, म्हणजे धक्का सोमवारी. स्क्रीनरमध्ये ‘बैठकीचा दिवस’ आणि ‘परिणामाचा दिवस’ असे दोन रकाने हवेत आणि चाळणी दुसऱ्यावर चालायला हवी. मंगळवारी एक्स्पायरी असेल आणि त्याच संध्याकाळी निकाल असेल, तर संपणाऱ्या ऑप्शनमध्ये ती घटना नाहीच. ती पुढच्या महिन्याच्या भावात आहे.

९. काल रँक २७ होता, आज ३७ झाला. आयव्ही तर तिथेच आहे. स्क्रीनर बिघडला का?

नाही, रँक ज्या २५२ दिवसांवर काढतो त्या खिडकीतून एक जुना दिवस बाहेर पडला. हे इंडिया व्हिक्सवर, म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनमधून काढलेल्या आयव्हीच्या निर्देशांकावर, सगळ्यांना बघता आलं होतं. ४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागले, निफ्टी जवळपास सहा टक्के पडला आणि व्हिक्स २६.७ च्या आसपास बंद झाला. पुढचं वर्षभर तोच कळस होता. ७ एप्रिल २०२५ ला अमेरिकी आयातशुल्काच्या धसक्याने व्हिक्स २२.८ च्या घरात गेला, तरी जुना कळस टिकून राहिला. मग जून २०२५ मध्ये ४ जूनचा तो दिवस खिडकीबाहेर गेला आणि कळस २६.७ वरून २२.८ वर आला. हिशेबासाठी तळ १२ आणि चालू व्हिक्स १६ धरला, तर आधी १४.७ पैकी ४, म्हणजे २७. नंतर १०.८ पैकी ४, म्हणजे ३७. व्हिक्स जागचा हलला नाही, रँक दहाने चढला.

बँका आणि सरकारी कंपन्यांच्या शेअरमध्ये हीच गोष्ट आणखी ठळक होती, कारण निवडणूक निकालाचा तडाखा त्यांनाच जास्त बसला होता.

म्हणून रँकशेजारी आणखी एक रकाना ठेवा: वर्षाचा कळस कुठल्या तारखेचा आहे. तो दिवस पंधरवड्यात बाहेर पडणार असेल तर रँकवर फारसं विसंबू नका. काहीजण खऱ्या कळसाऐवजी वर्षातल्या ९५ व्या पर्सेंटाइलचा आकडा कळस मानतात. तेही ठीक, फक्त मग रँक कधीकधी १०० च्या वर जाईल, त्याला चूक समजू नका.

१०. रिझल्ट मध्ये येत असेल तर तो शेअर सरळ वगळायचा का?

तुम्ही घटना टाळणारे सौदे करत असाल तर हो, वगळा, आणि पुढच्या प्रश्नावर जा. पण वगळण्याआधी एकदा घटनेचा भाग वेगळा काढून बघा, कारण त्यातून रँकचं खरं रूप दिसतं.

आपल्या शेअरची आयव्ही ३८, एक्स्पायरीला १५ दिवस, मध्ये एक रिझल्टचा दिवस. रिझल्ट नसताना हा शेअर सहसा २४ च्या आयव्हीला असतो, असं मागच्या नोंदींवरून दिसतं. आता व्हेरियन्सची बेरीज-वजाबाकी करू. ०.३८ चा वर्ग भागिले २५२, गुणिले १५ केलं की ०.००८६ येतं. हा पंधरा दिवसांचा एकूण साठा. त्यातले चौदा साधे दिवस २४ च्या दराने ०.००३२ खातात. उरलेले ०.००५४ एकट्या रिझल्टच्या दिवसाचे. त्याचं वर्गमूळ ०.०७३, म्हणजे त्या दिवसाचं प्रमाण विचलन ७.३ टक्के, आणि ०.८ ने गुणलं की सरासरी हालचाल जवळपास ६ टक्के. बाजार ऑप्शनच्या भावातून इतकंच म्हणतो आहे: रिझल्टला शेअर सहा टक्के हलेल.

आता रँककडे परत या. तळ २०, कळस ४४, आयव्ही ३८, म्हणून रँक ७५. घटना काढून टाकली की उरते २४, आणि तिचा रँक १७. पंचाहत्तर बघून ‘व्होलॅटिलिटी महाग झाली’ म्हणत जो विकायला जातो, तो रिझल्टवर पैज लावत असतो. बाकीचे चौदा दिवस उलट स्वस्त आहेत.

पैज लावायचीच असेल तर प्रश्न बदलतो. मागच्या आठ रिझल्टला हा शेअर परिणामाच्या दिवशी सरासरी किती हलला? तो आकडा चार टक्के असेल तर सहा महाग आहे, आठ असेल तर स्वस्त. आठ नोंदी म्हणजे फार थोड्या, आणि त्यातली एखादी मोठी असली की सरासरी तिच्याच बाजूला झुकते. म्हणून आठही आकडे समोर ठेवा, नुसती सरासरी नको. तारखा मात्र प्रश्न ८ मध्ये सांगितलेल्या परिणामाच्या दिवसाच्याच घ्या. बैठकीचा दिवस घेतलात तर अर्ध्या नोंदी शून्याजवळ येतील.

कळस आणि तळ मोजतानाही घटनेचे दिवस मिसळलेले असतात, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. अगदी काटेकोर व्हायचं तर वर्षभराच्या प्रत्येक दिवसातून घटना वजा करून मग रँक काढावा लागतो. आम्ही तो प्रयोग केला होता आणि नंतर सोडून दिला. जुन्या तारखा दुरुस्त करण्यातच सगळा वेळ जात होता.

११. रिझल्टशिवाय आणखी कुठल्या घटना ठेवायच्या?

थोड्याच ठेवा. बँका आणि एनबीएफसीसाठी रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचे दिवस, वाहन कंपन्यांसाठी महिन्याच्या एक तारखेचे विक्रीचे आकडे, सगळ्यांसाठी अर्थसंकल्प. औषध कंपन्यांमध्ये अमेरिकी एफडीएच्या तपासण्या महत्त्वाच्या, पण त्यांच्या तारखा आधी मिळत नाहीत, तेव्हा तो रकाना रिकामाच राहील. कॅलेंडरमध्ये दर शेअरला दहा घटना भरल्या की काहीच गाळलं जात नाही किंवा सगळंच गाळलं जातं.

१२. बोनस किंवा स्प्लिटनंतर स्क्रीनर वेडेवाकडे आकडे का दाखवतो?

रिलायन्सचा १:१ बोनस २८ ऑक्टोबर २०२४ ला एक्स झाला. भाव अर्धा झाला, लॉट २५० चा ५०० झाला, स्ट्राइक अर्धे झाले. आयव्ही हा टक्क्यांतला आकडा असल्यामुळे तिला काही होत नाही. पण मागच्या हालचाली मोजणारा कोड त्या दिवशी ५० टक्के घसरण नोंदवतो, आणि लॉट कायमचा २५० लिहून ठेवला असेल तर खर्चाचा हिशेबही चुकतो. लॉट रोज `NewBrdLotQty` मधून वाचा आणि हालचालींसाठी समायोजित भाव वापरा.

लाभांशाचंही असंच. बाजारभावाच्या २ टक्के किंवा त्याहून जास्त लाभांश असेल तर एक्स्चेंज स्ट्राइक कमी करते, त्यामुळे ९७६.५० सारखे विचित्र स्ट्राइक दिसू लागतात. त्याहून कमी असेल तर स्ट्राइक हलत नाहीत. फ्युचरचा भाव वापरत असाल तर आयव्हीला दोन्हींचा त्रास होत नाही.

डीमर्जर हे वेगळं प्रकरण आहे. तिथे चालू करार एक्स तारखेच्या आदल्या सत्रातच संपवून नवे सुरू करतात. आयटीसी हॉटेल्स वेगळी झाली तेव्हा, ६ जानेवारी २०२५ च्या सुमाराला, आयटीसीमध्ये हेच झालं. त्यानंतर जुन्या आयव्हीशी तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना. काही महिने रँकऐवजी ‘इतिहास तुटला’ अशी खूण ठेवलेली बरी.

१३. एफ अँड ओमध्ये नवीन आलेल्या शेअरचा रँक कसा काढायचा?

काढू नका. २९ नोव्हेंबर २०२४ ला एकाच वेळी ४५ शेअर एफ अँड ओमध्ये आले. एलआयसी, डीमार्ट, जिओ फायनान्शिअल, झोमॅटो त्यातलेच. साठ दिवसांच्या नोंदींवर काढलेला रँक शंभराला किंवा शून्याला चटकन टेकतो आणि यादीच्या डोक्यावर जाऊन बसतो. २५२ नोंदी पूर्ण होईपर्यंत असे शेअर वेगळ्या पानावर ठेवा आणि तोवर त्यांच्या आयव्हीची तुलना प्रत्यक्ष झालेल्या व्होलॅटिलिटीशी करा. त्यासाठी नुसते शेअरचे भाव लागतात आणि ते आधीपासून उपलब्ध असतात.

नाव बदललं की असाच भास होतो. झोमॅटोची खूण २०२५ मध्ये `ZOMATO` ची `ETERNAL` झाली, आणि ज्यांच्याकडे जुन्या-नव्या खुणांचा तक्ता नव्हता त्यांच्या स्क्रीनरला तो कालच जन्मलेला शेअर वाटला.

१४. बॅन लिस्टमधले शेअर गाळायचे का?

हो, आणि त्यांच्या शेजारी पोहोचलेलेही. शेअरवरचा एकूण ओपन इंटरेस्ट ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेला की जोखीम वाढवणारे नवे सौदे बंद होतात. फक्त असलेली जोखीम कमी करता येते, आणि तो ८० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत हीच स्थिती राहते. रोजची यादी `fo_secban.csv` मध्ये मिळते.

खरी अडचण नव्या सौद्याची नाही, जुन्याची आहे. तुम्ही काँडॉर विकून बसलात, शेअर एका बाजूला धावला आणि तेव्हाच तो बॅनमध्ये गेला, तर सौदा सावरताना जोखीम वाढवणारा नवा लेग घालता येत नाही. नेमकी गरज असते तेव्हाच हात बांधले जातात. म्हणून मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या वर गेलेला शेअर आम्ही यादीतूनच काढतो. अशा शेअरची आयव्ही चढलेली आणि रँक मोहक असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

१५. शेअरचे ऑप्शन एक्स्पायरीपर्यंत ठेवले तर काय होतं? त्याचा स्क्रीनरशी संबंध काय?

ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअर ऑप्शनचा निपटारा प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. आपल्या शेअरचा एक लॉट म्हणजे पाच लाखांचे शेअर, आणि शेवटच्या चार दिवसांत मार्जिन चढत जातं. म्हणून एक्स्पायरीला पाच दिवस उरले की चालू महिन्याचे ऑप्शन यादीत दाखवणंच बंद करा. त्या दिवसांत आयव्हीचे आकडेही भरवशाचे नसतात, ते प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

१६. सगळ्या चाळण्यांतून पास झालेला शेअर दुसऱ्या दिवशी २७ टक्के पडला. चाळणीत काय राहून गेलं?

चाळणीत काही राहिलं नव्हतं. १० मार्च २०२५ ला इंडसइंड बँकेने बाजार बंद झाल्यावर आपल्या डेरिव्हेटिव्ह खात्यांतल्या तफावतीची माहिती जाहीर केली आणि ११ तारखेला शेअर सुमारे २७ टक्के पडला. रिझल्ट जवळ नव्हते, पतधोरण नव्हतं, आणि ऑप्शन तर यादीतल्या चांगल्या चालणाऱ्यांपैकी होते. ती घटना कुठल्याही कॅलेंडरमध्ये असणं शक्यच नव्हतं.

अशा दिवसासाठी आणखी एक चाळणी लिहायचा मोह होतो. बातम्यांतले शब्द शोधणारी, किंवा आयव्ही अचानक चढली की खूण करणारी. दुसरी थोडी उपयोगी आहे: कॅलेंडर कोरं असताना शेअरची आयव्ही तीन दिवसांत आठ-दहा टक्क्यांनी वर गेली आणि निफ्टीची जागच्या जागी असेल, तर कुणाला तरी काहीतरी माहीत आहे असं धरून तो शेअर आम्ही वगळतो. त्यात निष्पाप शेअरही जातात. पण जी बातमी खरोखर कुणालाच माहीत नव्हती तिच्यापुढे हेही चालत नाही. तिथे फक्त एका शेअरवर किती लॉट लावले होते आणि उघडे विकलेले लेग होते की दूरचे ऑप्शन विकत घेऊन पंख लावलेले, एवढ्यानेच फरक पडतो. तो आकडा स्क्रीनर देत नाही, सौद्याच्या वहीत तुम्हाला स्वतःच लिहावा लागतो.